एका फोटोतली चार मशीन: लेथ, मिलिंग, ड्रिलिंग आणि शेपर कसे ओळखले

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एक छोटे मशीन शॉप बंद होत होते आणि मालकाने आतली मशीन एका मध्यस्थामार्फत विक्रीला काढली होती. मध्यस्थाने पाठवलेली यादी एका ओळीची होती: ‘लेथ १ नग, मिलिंग २ नग, ड्रिल १ नग’. यादीसोबत फोटोही एकच होता, शेडच्या दारात उभे राहून मोबाइलवर काढलेला. खरेदीदार डिप्लोमा झालेला एक तरुण होता. घरामागच्या शेडमध्ये तो सुट्या भागांचे काम सुरू करणार होता आणि त्यासाठी त्याला प्रामुख्याने आडवे मिलिंग मशीन हवे होते, कारण शाफ्टवर की-वे, म्हणजे की बसवण्याची लांब खाच, पाडणे आणि लहान सरळ दातांचे गिअर कापणे ही त्याच्या हातात आलेली पहिली कामे होती. त्याने फोटो माझ्याकडे पाठवला आणि लगेच फोन केला. “सर, यादीत शेपर लिहिलेलं नाही, पण मधलं मशीन शेपरच दिसतंय. पलीकडचं व्हर्टिकल मिलिंग असणार. मग आडवं मिलिंग तिथं नाहीच की! सोडून देऊ का?”

त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. यादीत नसलेला शेपर फोटोत खरोखरच होता, फक्त तो ज्या मशीनला शेपर म्हणत होता ते मशीन शेपर नव्हते. जे मशीन त्याला हवे होते त्यालाच तो नाकारायला निघाला होता. ही गफलत नवख्यालाच होते असे नाही, दहा-दहा वर्षे लेथवर काढलेल्या माणसांनाही ती होताना मी पाहिली आहे. आपण मशीन चालू असताना जसे पाहिलेले असते तसेच ते फोटोत शोधतो, आणि विक्रीला काढलेले मशीन बहुधा त्या अवस्थेत नसते.

फोटोत काय दिसत होते

दारातून पाहताना डाव्या भिंतीलगत एक लांबलचक मशीन होते. त्याच्या डाव्या टोकावर ताडपत्री टाकलेली होती आणि उजवा साधारण अर्धा भाग उघडा होता. शेडच्या मधोमध पेटीसारखा उभा, ओतीव लोखंडाचा देह असलेले मशीन होते. त्याच्या डोक्यावर चौकोनी छेदाचा एक जाड आडवा दांडा बसलेला होता आणि तो मागच्या बाजूला बराच बाहेर आलेला होता. त्याच्या पलीकडे तशाच उभ्या देहाचे दुसरे मशीन होते, पण त्याच्या पुढच्या तोंडावर काहीतरी जुन्या कापडात गुंडाळून सुतळीने बांधलेले होते आणि मागचा भाग लोखंडी मांडणीआड गेला होता. उजव्या कोपऱ्यात गोल खांबाचे एक उंच मशीन होते. त्याच्या टेबलावर दोन लहान हँडव्हील असलेले काहीतरी बसवलेले होते.

सगळ्यांत आधी मी भिंतीवरची पाटी पाहिली. अक्षरे सुलटी वाचता येत होती, म्हणजे फोटो आरशासारखा उलटलेला नव्हता. पुढे डावे-उजवे पाहून काही ठरवायचे असेल तर ही खात्री आधी करून घ्यावी लागते, कारण फॉरवर्ड होत आलेल्या फोटोंत उलटी प्रतिमा अधूनमधून सापडते.

ओळखण्याची जी रीत मी वापरतो तिला मशीनचा आकार पाठ असावा लागत नाही. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कुठे धरला जातो, टूल कुठे धरले जाते, आणि कापताना या दोघांपैकी कोण कोणत्या दिशेने हलते, एवढेच विचारायचे. लेथमध्ये जॉब स्वतःभोवती फिरतो आणि टूल त्याच्या कडेने सरकते. मिलिंगमध्ये अनेक दातांचा कटर फिरतो आणि जॉब टेबलासकट त्याच्याखालून सरकतो. ड्रिलिंगमध्ये ड्रिल फिरतेही आणि खालीही उतरते, जॉब मात्र जागचा हलत नाही. शेपरमध्ये कापताना काहीच फिरत नाही. एकधारी टूल सरळ पुढे जाते, कापते आणि परत येते, आणि प्रत्येक फेरीनंतर जॉब किंचित बाजूला सरकतो. मशीनचा सांगाडा या हालचालींसाठी बांधलेला असतो, त्यामुळे मशीन बंद असले आणि निम्मे झाकलेले असले तरी हालचालीची वाट त्याच्या अंगावर दिसते.

लेथ: निम्मा झाकलेला, तरी निर्विवाद

डाव्या मशीनबद्दल वाद नव्हता, पण तो का नव्हता हे सांगायला हवे, कारण लेथची सगळ्यांत ओळखीची खूण म्हणजे जॉब पकडून फिरवणारा चक, आणि तो नेमका ताडपत्रीखाली होता. उघड्या भागात लांब बेड दिसत होता. त्याच्या उजव्या टोकाला, उजवीकडे तोंड करून हँडव्हील असलेला टेलस्टॉक, म्हणजे जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार देणारा भाग, होता. मात्र टेलस्टॉक एवढ्यावरून मशीन लेथ ठरत नाही, कारण सिलिंड्रिकल ग्राइंडरलाही टेलस्टॉक असतो. निकाल लावला तो बेडच्या पुढच्या अंगाने धावणाऱ्या लांब स्क्रूने. ताडपत्रीखालून निघून बेडच्या शेवटापर्यंत गेलेला हा लीड स्क्रू, बेडला ओलांडून बसलेले, टूल सरकवणारे कॅरेज, कॅरेजच्या पुढच्या अंगावरचे मोठे हँडव्हील आणि वर टूलपोस्ट, एवढे एकत्र दिसल्यावर तो आटे पाडणारा साधा सेंटर लेथच आहे.

टेलस्टॉक उजवीकडे आणि लीड स्क्रू आपल्या बाजूला, याचा अर्थ आपण ऑपरेटरच्या बाजूने पाहत आहोत आणि जॉब फिरवणारा हेडस्टॉक डावीकडे, ताडपत्रीखाली आहे. मध्यस्थाने फोनवर ‘सहा फुटी’ म्हटले होते. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती, फक्त हे माप बेडच्या लांबीचे आहे याची आठवण मी करून दिली. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक त्यातली बरीच जागा खातात, त्यामुळे सहा फुटी लेथवर दोन सेंटरमध्ये साधारण एक मीटर लांबीचा जॉब बसतो. फोटोच्या कडेला आलेली वस्तू मोबाइलच्या रुंद लेन्समुळे ताणलेली दिसते, म्हणून फोटोवरून लांबी मोजण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

मधले मशीन: दांडा मागे गेलेला का आहे

खरा प्रश्न मधल्या मशीनचा होता. तरुणाने त्याला शेपर का म्हटले हे समजण्यासारखे आहे. शेपरच्या डोक्यावर रॅम असतो. तो देहाच्या वरच्या डव्हटेल खाचेत पुढे-मागे धावतो आणि मागे गेला की त्याचे शेपूट पाठीमागे बाहेर निघते. फोटोतला जाड चौकोनी दांडाही देहाच्या माथ्यावर, डव्हटेलमध्येच बसलेला आणि मागे बाहेर आलेला होता. पुढे टेबलही होते. कोणीही शेपर म्हणावे असाच तो देखावा होता.

आडव्या मिलिंगच्या डोक्यावरही असाच दांडा असतो. त्याला ओव्हरआर्म म्हणतात. त्याचे काम कापण्याचे नसून आधाराचे आहे. स्पिंडलमधून पुढे आलेल्या आर्बरवर कटर चढवलेला असतो, आणि त्या आर्बरचे मोकळे टोक लवू नये म्हणून ओव्हरआर्मवरून खाली उतरणारा एक आधार, म्हणजे योक, त्याला बेअरिंगमध्ये धरून ठेवतो. काम चालू असताना ओव्हरआर्म पुढे आलेला, खाली योक आणि मध्ये कटर, असे दृश्य असते आणि मग शेपरची शंका कोणाला येत नाही. पण आर्बर काढून ठेवला, योक उतरवला आणि पुढे डोक्याला लागू नये म्हणून ओव्हरआर्म मागे ढकलला, की तेच मशीन दुरून शेपरसारखे दिसू लागते. शॉप बंद करताना आर्बर काढून ठेवणे हा सुज्ञपणाच होता, कारण तो भाग हरवतो किंवा वाकतो.

म्हणून मी दांड्याकडे पाहणे सोडले आणि त्याच्या पुढच्या टोकाकडे पाहिले. शेपरच्या रॅमचे पुढचे टोक कधीच मोकळे नसते. तिथे टूलहेड असते, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली गोल तबकडी, तिच्यावर उभी सरकणारी स्लाइड, सर्वांत वर ती स्लाइड उतरवण्याचा हँडल, आणि खाली बिजागरीवर लटकणारा क्लॅपर बॉक्स. परतीच्या फेरीत टूल जॉबवर घासू नये म्हणून हा क्लॅपर बॉक्स टूलला किंचित उचलू देतो. मधल्या मशीनच्या दांड्याचे पुढचे टोक सपाट होते आणि देहाच्या तोंडाशी जवळजवळ बरोबर आलेले होते. टूलहेड उतरवून ठेवले असते तर ते बसवण्याची गोल तबकडी तरी दिसली असती.

दांड्याखाली देहाच्या तोंडावर एक गोल भाग होता आणि त्यात चिंधी कोंबलेली होती. फोटो मोठा करून पाहिल्यावर त्या गोलाच्या कडेला समोरासमोर दोन चौकोनी उंचवटे अस्पष्ट दिसले. हे मिलिंगच्या स्पिंडल नोजवरचे ड्राइव्ह की. आर्बरचा शंकू स्पिंडलच्या भोकात बसतो, मागून ड्रॉबार त्याला ओढून धरतो, आणि हे दोन की आर्बरच्या कॉलरमधल्या खाचांत अडकून त्याला फिरवतात. चिंधी कोंबण्याचे कारण उघड आहे. आतल्या शंकूला एक बारीक ओरखडा गेला तरी आर्बर डुगडुगतो, त्यामुळे जाणता माणूस ते भोक उघडे ठेवत नाही. शेपरच्या तोंडावर असे फिरणारे भोक असण्याचे काही कारणच नाही. माझ्या दृष्टीने मशीन इथेच ओळखले गेले होते, पण अस्पष्ट ठिपक्यांवर खरेदीचा निर्णय उभा करू नये म्हणून टेबलाकडेही नीट पाहिले.

मिलिंगचे टेबल लांब आणि पातळ असते आणि ते देहाच्या तोंडाला समांतर, डावी-उजवीकडे पसरलेले असते. फोटोतले टेबल तसे होते. दिसणाऱ्या टोकाला हँडव्हील होते, आणि पुढच्या उभ्या कडेवरच्या खाचेत दोन लहान ठोकळे बसवलेले होते. ते ट्रिप डॉग, म्हणजे ठरावीक जागी आपोआप चाल बंद करणारे अडसर. त्याखाली सॅडल आणि त्याच्याखाली देहावर वर-खाली सरकणारा मोठा भाग, ज्याला कारखान्यात ‘नी’ म्हणतात, दिसत होता. त्याच्या पुढच्या अंगावर आणखी दोन हँडल होते. म्हणजे टेबल डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांनी हलवता येत होते.

इथे एक सावधगिरी सांगतो. अनेकजण ‘खाली उभा स्क्रू दिसला की मिलिंग’ असा नियम धरतात. तो फसवा आहे, कारण शेपरचेही टेबल स्क्रूवर वर-खाली होते. शेपरच्या टेबलाला जी हालचाल नसते ती आत-बाहेरची, कारण ते काम रॅम करतो. त्यामुळे स्क्रू शोधण्यापेक्षा टेबल देहाकडे सरकू शकेल अशी वाट मध्ये आहे का, ते पाहावे.

जोडीला एक परिस्थितीजन्य पुरावाही होता. मागच्या भिंतीवरच्या खुंटीला एक लांब, गुळगुळीत दांडा उभा टांगलेला होता. त्याच्या वरच्या टोकाला जाड शंकू होता आणि अंगावर बांगड्यांसारख्या कड्या चढवलेल्या होत्या. हाच आर्बर, आणि त्या कड्या म्हणजे कटर हव्या त्या जागी बसवण्याचे स्पेसर. आर्बर आडवा टाकून ठेवला तर स्वतःच्या वजनाने आणि वर पडणाऱ्या सामानाने वाकतो, म्हणून तो टांगून ठेवतात. तो टांगणारा माणूस कोण होता माहीत नाही, पण त्याने मशीन चांगले सांभाळले असावे असा माझा कयास त्या खुंटीवरूनच झाला.

कापडात गुंडाळलेले डोके

पलीकडच्या मशीनला तरुणाने व्हर्टिकल मिलिंग म्हटले ते कापडाच्या गुंडाळीमुळे. देहाच्या पुढे, टेबलाच्या वर, काहीतरी उभे आणि जाड बांधून ठेवलेले आहे, तर ते मिलिंगचे उभे हेड असणार, असा त्याचा तर्क होता. मध्यस्थानेही बहुधा तसेच पाहून यादीत ‘मिलिंग २’ लिहिले असावे. मुद्दाम फसवणूक होती असे मला वाटत नाही. मात्र जुना शेपर आज पुष्कळदा भंगाराच्या भावाच्या आसपास जातो आणि चालू मिलिंगला बरी किंमत येते, त्यामुळे या एका शब्दाचा व्यवहारावर परिणाम होणारच होता.

गुंडाळी बाजूला ठेवून बाकीचे मशीन वाचले. टेबल हे पसरट नव्हते, ती जवळजवळ घनाकार पेटी होती. टी-स्लॉट, म्हणजे जॉब बांधण्याचे बोल्ट अडकवण्याच्या खाचा, वरच्या पृष्ठभागावर होतेच, शिवाय बाजूच्या उभ्या भिंतीवरही होते. मिलिंगच्या टेबलाला बाजूला टी-स्लॉट द्यायला जागाच नसते. शेपरच्या पेटीला ते देतात, कारण वर न मावणारा जॉब बाजूला बांधता येतो. त्या पेटीच्या पुढच्या कडेपासून खाली बेसपर्यंत एक आधाराचा पाय गेलेला होता. शेपरचे टूल जॉबवर जोराने रेटले जाते आणि टेबल फक्त मागच्या बाजूने लटकलेले असते, म्हणून पुढे पाय द्यावा लागतो. टेबल एका आडव्या क्रॉस रेलवर बसलेले होते आणि त्या रेलवर डावी-उजवीकडे एवढेच सरकू शकत होते. टेबल आणि देह यांच्यामध्ये आत-बाहेरची वाट नव्हती.

सर्वांत बोलकी खूण क्रॉस रेलच्या टोकाशी होती. तिथे दातेरी चाक आणि त्यावर टेकलेला पंजा दिसत होता, आणि त्याच्यापासून एक बारीक तिरका दांडा देहाच्या कुशीतल्या चकतीकडे गेलेला होता. हे रॅचेट आणि पॉल. रॅमच्या प्रत्येक फेरीला हा दांडा एकदा हलतो, पंजा चाकाला एक-दोन दात पुढे ढकलतो आणि टेबल किंचित बाजूला सरकते. मिलिंगला चाल अखंड लागते, म्हणून त्याच्या फीडला गिअरबॉक्स असतो. शेपरला ती हप्त्याहप्त्याने, टूल परत येत असतानाच द्यायची असते. फेरीफेरीने सरकवणारी ही जोडणी फोटोत स्पष्ट दिसली की मग डोके कितीही गुंडाळलेले असले तरी हरकत नाही.

याशिवाय मशीनच्या पुढे, दोन-अडीच फुटांवर, पत्र्याचा एक आडोसा उभा केलेला होता. शेपर कापताना चिप्स टूलच्या पुढे, म्हणजे देहापासून लांब, उडतात. ज्या शॉपमध्ये समोरून माणसांची ये-जा असते तिथे असा पत्रा लावतात. व्हर्टिकल मिलिंगच्या चिप्स चहूकडे उडतात, त्यांना केवळ समोर पत्रा लावून कोणी अडवत नाही.

जमिनीवर पडलेल्या चिप्सवरूनही मशीन ओळखता येते असे पुष्कळदा सांगतात, आणि पोलादाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. लेथखाली लांब कुरळ्या फिती असतात, मिलिंगखाली स्वल्पविरामासारखे तुकडे, आणि ड्रिलच्या टेबलावर भोकाभोवती पिळाचे ढीग. या शेडमध्ये मात्र ती युक्ती निकामी होती. कोल्हापूर भागातली बरीचशी शॉप फाउंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगवर काम करतात, आणि बीड कोणत्याही मशीनवर कापले तरी त्याची चिप अखंड निघत नाही, चुराच पडतो. फोटोतही चारही मशीनखाली तोच काळा चुरा होता.

कोपऱ्यातले ड्रिल आणि त्यावरची दोन हँडव्हील

कोपऱ्यातल्या मशीनबाबत यादी आणि फोटो जुळत होते, तरी तरुणाने एक चांगला प्रश्न विचारला. “सर, ड्रिलच्या टेबलाला हँडव्हील कशी? हे तर छोटं मिलिंग वाटतंय.” ड्रिलच्या टेबलाला सरकवणारी हँडव्हील नसतात हे त्याचे गृहीतक योग्यच होते. ड्रिलवर भोकाची खूण ड्रिलच्या टोकाखाली हाताने आणतात आणि जॉब बांधतात.

त्याचे उत्तर टेबलाच्या वर नव्हते, खाली होते. दोन हँडव्हील असलेली वस्तू म्हणजे टेबलावर बोल्टने बसवलेला वेगळा क्रॉस वाइस, म्हणजे जॉब धरून दोन दिशांना सरकवणारा शिकंजा, होता. मूळचे टेबल त्याच्याखाली दिसत होते, आणि ते गोल खांबाला कवटाळणाऱ्या ब्रॅकेटवर बसलेले होते. ब्रॅकेटला घट्ट करण्याचा हँडल होता, आणि तो ढिला केला की सगळे टेबल खांबाभोवती फिरवून बाजूला करता येते. ज्या टेबलावर कटर आडवा जोर लावणार आहे ते टेबल असे खांबाभोवती फिरणारे कोणी बनवणार नाही. मिलिंगचा देह चौकोनी, जाड आणि डव्हटेलच्या वाटांचा असतो तो याच कारणाने. डोक्यावर पायरीपायरीची पुली झाकणारे पत्र्याचे झाकण आणि हेडच्या उजव्या अंगाला तीन दांड्यांचा फीड हँडल, हे पाहिल्यावर पिलर ड्रिलच्या पलीकडे दुसरे काही उरत नाही.

क्रॉस वाइस लावून ड्रिलवरच हलके मिलिंग करता येईल का, असेही त्याने विचारले. करणारे करतात, पण मी त्याला स्पष्ट नाही म्हटले. ड्रिलचे स्पिंडल वरून खाली येणारा दाब सोसण्यासाठी केलेले असते. ड्रिल चक ज्या मोर्स टेपरवर बसतो तो केवळ शंकूच्या घट्टपणामुळे टिकतो आणि खालून येणारा दाब त्याला आणखी घट्ट करतो. मिलिंगसारखा ड्रॉबार त्याला मागून ओढून धरत नाही. कटर बाजूने जॉबला लागला की आडवा जोर आणि थरथर सुरू होते, टेपर ढिला पडतो आणि फिरता चक कटरसकट खाली येतो. त्या शॉपमध्ये क्रॉस वाइस एका रांगेतली भोके नेमक्या अंतरावर पाडण्यासाठी वापरला जात असावा, आणि त्या कामाला तो ठीक आहे.

फोटो जिथे संपतो

एवढ्या वाचनानंतर यादी अशी झाली: सेंटर लेथ १, आडवे मिलिंग १, शेपर १, पिलर ड्रिल १. पण मधले मिलिंग साधे आहे की युनिव्हर्सल, हे पहिल्या फोटोवरून ठरत नव्हते. युनिव्हर्सलमध्ये सॅडल आणि टेबल यांच्यामध्ये फिरणारा भाग असतो आणि त्याच्या कडेवर अंशांच्या खुणा असतात. टेबल तिरपे करता आल्यामुळे त्यावर जॉब मोजून फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या जोडीने तिरप्या दातांचे गिअर कापता येतात. फोटोत ती जागा टेबलाच्या सावलीत होती.

म्हणून मी त्याला मध्यस्थाकडून काही नेमके मागून घ्यायला सांगितले. मधल्या मशीनच्या तोंडावरची चिंधी काढून समोरून एक फोटो, त्याच मशीनच्या टेबलाखालचा कडेचा एक फोटो, पलीकडच्या मशीनची गुंडाळी सोडून बाजूने एक फोटो, आणि जमल्यास ते मशीन रिकामे चालवून छोटा व्हिडिओ. ‘आणखी फोटो पाठवा’ एवढेच म्हटले असते तर त्याच दारातून काढलेले तसलेच चार फोटो आले असते.

फोटो आले. चिंधीमागे शंकूचे स्वच्छ भोक आणि दोन ड्राइव्ह की होते. टेबलाखाली अंशांच्या खुणा नव्हत्या, म्हणजे मिलिंग साधे होते. त्याला सरळ दातांचे गिअर आणि की-वे हवे होते, तेव्हा त्याचे काही अडत नव्हते. तिरप्या दातांची ऑर्डर मात्र या मशीनवर घेता येणार नाही, हे त्याने वहीत लिहून ठेवले. गुंडाळीतून क्लॅपर बॉक्ससकट टूलहेड निघाले. व्हिडिओत रॅम पुढे सावकाश जाताना आणि मागे चटकन येताना दिसत होता. शेपरची ही चाल क्रँक आणि खाचेच्या दांड्याच्या रचनेतून येते. कापण्याची फेरी पुढची असते आणि परतीची फेरी रिकामी, म्हणून तिच्यावर वेळ कमी जावा अशी ती योजना आहे.

त्यानंतर तरुणाने मध्यस्थाला सुधारलेली यादी पाठवली आणि ‘मिलिंग २’ च्या जागी ‘आडवे मिलिंग १, शेपर १’ असे लिहून घेतल्यावरच भावाची बोलणी सुरू केली. शेपर आधी नको म्हणणाऱ्या त्यानेच तो शेवटी सोबत घेतला, कारण पुलीच्या भोकातली आतली की-वे आडव्या मिलिंगवर पाडता येत नाही आणि शेपरच्या टूलहेडला लांब बार लावून ती पाडता येते. लेथचे बोलणे मात्र ताडपत्री काढेपर्यंत थांबवून ठेवले. हेडस्टॉकजवळ बेडमध्ये गॅप असेल तर तिथला काढता-घालता येणारा तुकडा जुन्या लेथवर बऱ्याचदा गायब असतो किंवा दुसऱ्याच मशीनचा आणून बसवलेला असतो, आणि तो मूळचाच आहे की नाही हे त्याच्या सांध्यावर बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.